आईच्या वाढदिवसाला कुठली गाणी लावू?

"ताई, आई जाऊन 4 महिने झाले. पुढच्या महिन्यात तिचा 68वा वाढदिवस असता, त्या रविवारी संध्याकाळी नेरूळला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तीसेक जण जमणार आहोत. तिच्या भजनी मंडळातल्या काकू, शेजारी, जवळचे नातेवाईक. दादाने गाण्यांची लिस्ट काढलीय: 'प्रेमस्वरूप आई', 'आई म्हणोनी कोणी', 'पराधीन आहे जगती', 'चिठ्ठी ना कोई संदेस'. आईची स्वतःची आवडती दोन, 'भेटीलागी जीवा' आणि 'शुक्रतारा'. तेराव्याला स्पीकरवर गाणी चालू होती आणि बाबा सगळा वेळ बाल्कनीत पाठमोरे उभे होते. ते मला परत नकोय. कोणी रडूच नये असं काहीतरी हवंय. दादा म्हणतो मग सरळ सगळे अभंगच लावू, अभंगांचा कोणाला त्रास होत नाही. काय लावू?"
— नेरूळची लेक

अगं, दादाच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते, कारण हा गैरसमज मी इतक्या घरांत बघितलाय. अभंग म्हणजे सेफ, असं धरून चालतात सगळे. तुझ्या आईचं आवडतं 'भेटीलागी जीवा' घे. लताबाईंच्या आवाजात, खळ्यांच्या चालीत आपण ते इतक्या वेळा ऐकलंय की शब्दांकडे आता लक्षच जात नाही. पण एकदा कागदावर लिहून काढ. तुकोबा काय म्हणतायत, तर दिवाळीला माहेरचं मूळ, म्हणजे न्यायला कोणीतरी, येईल म्हणून लेक आसुसून बसलीय, वाट बघतेय. आणि त्याच्या पुढच्या कडव्यात भुकेलं बाळ रडतंय आणि आईची वाट बघतंय. देवाच्या भेटीची ओढ सांगायला त्यांनी हे दाखले घेतलेत, मान्य, पण ज्या हॉलमध्ये समोर आईचा हार घातलेला फोटो आहे आणि पहिल्या रांगेत तू बसलीयस, दोन-तीन महिन्यांवर आईशिवायची पहिली दिवाळी आलीय, तिथे त्या ओळी देवाबद्दल राहत नाहीत ना. त्या थेट तुझ्याबद्दल होतात. आणि तू मात्र म्हणत बसशील की अभंगच तर होता, मला एवढं काय झालं.

म्हणून गाणं निवडताना मी चाल संथ आहे का, भक्तिगीत आहे का, त्यात 'आई' शब्द आहे का, हे काही बघत नाही. मी बघते की हे गाणं कोण कोणाला म्हणतंय आणि काय मागतंय. गेलेल्या माणसाला हाक मारणारं, परत ये म्हणणारं, वाट बघणारं गाणं असेल तर ते जखम उघडतं, कारण त्या हाकेला उत्तर येणार नाही हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. याउलट जे गाणं काही मागतच नाही, नुसतं जे होतं किंवा आहे त्याबद्दल बोलतं, किंवा ज्यात सगळे मिळून एकाच दिशेला बघतात, ते धरून ठेवतं माणसाला. चाल कितीही उदास असली तरी. आणि हे पहिल्या ओळीवरून कळत नाही बरं का, दुसरं-तिसरं कडवं वाचावं लागतं. 15 मिनिटांचं काम आहे, सगळ्या गाण्यांचे शब्द नेटवर मिळतात, दादाला सोबत घेऊन बस.

आता त्याच्या लिस्टला हेच लावून बघ. 'चिठ्ठी ना कोई संदेस' म्हणजे जगजीत सिंगांचं 'दुश्मन' सिनेमातलं, अख्खं गाणं गेलेल्या माणसाला तू कुठे गेलास असं विचारतंय. बाद. कवी यशवंतांच्या 'आई म्हणोनी कोणी'मध्ये आईविना भिकारी अशी ओळ आहे आणि समोर दोन बिनआईची मुलं. ही कविता शाळेत पाठ केली तेव्हा आई घरी वरणाला फोडणी घालत होती, तेव्हा ती सुंदर वाटायची. बाद. 'प्रेमस्वरूप आई' तर सरळ तिला हाकच मारतं. तिन्ही गाणी वाईट आहेत असं नाही म्हणत मी, घरी एकट्याने रात्री ऐक हवी तर, रडून घे, पण 30 जणांसमोर नको.

'पराधीन आहे जगती'वर मात्र जरा थांबते, कारण हे गाणं आपल्याकडे प्रत्येक शोकसभेत वाजतं आणि ते का वाजतं हे कोणी बघत नाही. गीतरामायणात हे राम म्हणतो, चित्रकूटला भरत भेटायला येतो तेव्हा. दशरथ गेलाय, भरत स्वतःला आणि कैकयीला दोष देऊन कोसळलाय आणि मोठा भाऊ त्याला सांगतो की यात कुणाचा दोष नाही. म्हणजे हे मुळात एका अपराधी वाटणाऱ्या मुलाचं सांत्वन आहे. दादाने हे गाणं का निवडलं असेल याचा जरा विचार कर. तो शेवटच्या दिवसांत तिथे नव्हता का, किंवा हॉस्पिटल बदलायला हवं होतं असं काही त्याच्या मनात आहे का? माहीत नाही मला, पण असेल तर हे गाणं त्याला हवंय, आणि तसं असेल तर त्याच्याशी बोल एकदा. पण याच गाण्यात पुढे समुद्रात दोन ओंडके भेटतात आणि एका लाटेने कायमचे वेगळे होतात ते कडवं आहे. दादाला जे पहिल्या कडव्यात मिळतं ते बाबांकडून त्या कडव्यात हिसकावून घेतलं जातं. तेराव्याला हेच लागलं होतं का? विचार दादाला. माझा सल्ला, हे गाणं भाऊ-बहीण दोघांनी गाडीत बसून ऐका, पाम बीचवरून एक चक्कर मारा, हॉलमध्ये नको.

तसंच तुकोबांचं 'आम्ही जातो आमुच्या गावा' कोणीतरी सुचवणार, नक्की. ते निरोपाचं आहे. त्यात ही आपली शेवटची भेट, इथून पुढे संबंध तुटला, असं जाणारा स्वतः सांगतोय. ते पहिल्या दिवशी, तेराव्याला शोभतं. 4 महिन्यांनी, वाढदिवसाला लावलं तर तुम्ही तिला परत एकदा निरोप द्यायला लावताय सगळ्यांना.

कोणी रडूच नये हे तू म्हणतेस ना, ते सोड. तिच्या भजनी मंडळातल्या काकू येणार आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येणार नाही असं होईल का? रडणं वेगळं आणि ते थांबवता न येणं वेगळं. डोळे भरले, पदराने पुसले, शेजारणीने हात धरला आणि दोन मिनिटांनी कोणीतरी म्हणालं की तिला कसं तिखट लागायचं नाही, की झालं, ते चांगलं रडू. वाईट तेव्हा होतं जेव्हा गाण्यामागून गाणं येत राहतं आणि मधे बोलायला, पाणी प्यायला, नाक शिंकरायला जागाच नसते. बाबा बाल्कनीत गेले त्याचं कारण मला वाटतं गाण्यांपेक्षा हे असावं, की ते थांबतच नव्हतं.

म्हणून 90 मिनिटांच्या संध्याकाळीत तीनच गाणी ठेव. खरंच तीन.

लोक येतायत, चपला काढतायत, फोटोला फूल वाहतायत, त्या पहिल्या 20-25 मिनिटांत शब्द नकोतच. नुसतं वाद्य, आणि इतक्या हळू की दारातल्या माणसाला आलात का असं म्हणताना आवाज चढवावा लागू नये. संतूर किंवा बासरी घे. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर ब्रिजभूषण काबरा यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' म्हणून 1967 ची रेकॉर्ड आहे, डोंगरातल्या एका मेंढपाळाच्या दिवसावर बांधलेली, त्यात कुठेही एकदम चढ नाही, ती चालेल. सनई नको, सगळ्यांच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये तीच आहे. सारंगीही नको, तिचा आवाज माणसाच्या हुंदक्याच्या फार जवळचा आणि बाबांच्या वयाच्या माणसांना तर राष्ट्रीय दुखवट्यात रेडिओवर तासन्तास वाजणारी सारंगीच आठवते.

मग वाद्य बंद. पूर्ण बंद. आणि पहिलं गाणं 'मोगरा फुलला'. ज्ञानेश्वरांचे शब्द, हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज. का, तर बघ ना, दारात इवलंसं रोप लावलं आणि त्याचा वेल आकाशापर्यंत गेला. कोणी कोणाला बोलवत नाही, कोणी जात नाही. कोणीतरी लावलेलं वाढलं, एवढंच. त्या हॉलमध्ये बसलेली तुम्ही दोघं, तुमची मुलं असतील ती, आणि तिने गाणं शिकवलेल्या कोणी काकू असतील त्या, सगळे त्या वेलावरच आहात आणि ते वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच्यानंतर बोलणं. आणि इथे हात जोडून विनंती, कोणी आठवण सांगत असताना मागे 'हलकंसं म्युझिक' ठेवू नकोस. हे रीलमुळे आलंय, सगळ्यांना वाटतं मागे काहीतरी वाजलं की भावनिक वाटतं. 30 जणांत दोघा-तिघांच्या कानाला मशीन असणारच, आणि मशीनला बोलणं कुठलं आणि गाणं कुठलं हे नीट वेगळं करता येत नाही, ते दोन्ही मोठं करतं. त्या आजींना काहीच कळत नाही मग, त्या नुसत्या मान हलवत बसतात. शांतता असू दे. बोलणारा अडखळला, दहा सेकंद गप्प झाला, तर होऊ दे.

दुसरं गाणं बोलण्याच्या साधारण मध्यावर, माणसं थकतात तेव्हा. किशोरीताईंचं 'अवघा रंग एक झाला'. सोयराबाईंचा अभंग, चोखोबांची बायको. यात मी-तूपणच उरलं नाही असं ती म्हणते, म्हणजे विरह शिल्लकच नाही तिथे, हाक मारायला कोणी वेगळं राहिलं तर ना. गायलंय भैरवीत, आणि भैरवी म्हटली की आपल्याकडे गाणं ऐकणाऱ्या माणसाला आतून कळतं की आता मैफल आवरतेय, त्यामुळे हे वाजलं की लोक आपोआप सावकाश होतात. रेकॉर्डिंग निवडताना शेवटपर्यंत ऐकून बघ. मैफलीतलं असेल तर गाणं संपल्या संपल्या टाळ्यांचा कडकडाट होतो आणि आपला हॉल एकदम दचकतो. स्टुडिओतलं घे, नाहीतर शेवट कापून घे.

तिसरं गाणं स्पीकरवर नाहीच. ते काकूंनी म्हणायचं, 'हेचि दान देगा देवा'. तुझ्या आईने मंडळात दर वेळी शेवटी म्हटलंच असणार ते, भजन बहुतेक ठिकाणी त्यावरच संपतं. मगाचची परीक्षा याला लावून बघ. यातही मागणं आहे, पण काय मागतात? तुझा विसर पडू नये. परत ये असं नाही. म्हणायचं देवाला, पण हॉलमधला प्रत्येक जण मनात तुझ्या आईला म्हणेल आणि गंमत म्हणजे हे मागणं तिथल्या तिथे पुरं होतंय, तीस जण तिची आठवण काढत बसलेच आहेत. आणि शेवटी तुकोबा म्हणतात की आम्हाला खुशाल परत जन्माला घाल. मुक्ती नको, पैसा नको, इथेच परत यायचंय. वाढदिवसाला याहून काय हवं.

पण रेकॉर्डिंग लावून त्याच्यावर म्हणायला सांगू नकोस कोणाला. गायिकांची पट्टी आपल्यासारख्यांना झेपत नाही, अर्धे जण पहिल्या ओळीतच सोडून देतात, मग नुसते ओठ हलवतात. तुझ्या आईच्या शेजारी बसायच्या त्या काकूंना सांग सुरुवात करायला, त्यांना जमेल त्या पट्टीत, पेटी असली तर उत्तम, नसली तर नुसते टाळ. आवाज लागला नाही, मधेच कोणाचा कापला, तर शेजारची ओळ उचलते, भजनात तशी सवयच असते त्यांना. स्पीकर कोणासाठी थांबत नाही, माणसं थांबतात. पुरुष मंडळी सुरुवातीला संकोचतात, त्यांच्या हातात टाळ दे एकेक, हात चालला की तोंडही चालतं.

आता 'शुक्रतारा'. इथे माझीच परीक्षा मला आडवी येते, कारण हे गाणं समोरच्याला जवळ राहा म्हणतं, म्हणजे नियमाने बाद. पण हे गाणं तुझंही नाही आणि दादाचंही नाही गं. पाडगांवकर-खळ्यांनी केलेलं आणि अरुण दाते-सुधा मल्होत्रांनी गायलेलं हे गाणं त्या पिढीच्या नवरा-बायकोंचं खासगी गाणं आहे, 'आपली आवड'ला लागलं की तुझ्या आईने बाबांकडे बघितलं असेल किंवा मुद्दाम बघितलं नसेल, ते काय ते दोघांनाच माहीत. तर बाबांना विचार. कार्यक्रमात लावू का असं नको विचारूस, ते तुमच्या मनासाठी हो म्हणतील. त्यापेक्षा एखाद्या दुपारी घरी ते एकटे असताना, आई हे कधीपासून म्हणायची हो, एवढं विचार. ते बोलायला लागले, चाल गुणगुणले, तर चहाच्या वेळी गप्पा चालू असताना अगदी हळू लाव, ऐकायचं त्याने ऐकावं. विषय बदलला त्यांनी, तर ते गाणं त्यांच्यापाशी राहू दे.

याच्यासारखंच अजून एक. तिचा स्वतःचा आवाज असणार ना कुठेतरी, व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट, कोणाच्या तरी बारशातला गाण्याचा व्हिडिओ? ते लावायची कल्पना आयत्या वेळी एखाद्या भाच्याला सुचते आणि तो सरप्राइज म्हणून लावतो. सगळ्यांना आधीच बजावून ठेव. गाणाऱ्या परक्या आवाजाची तयारी मनाने केलेली असते, या आवाजाची कोणाचीच नसते. लावायचाच असेल तर बाबांनी, दादाने आणि तू आधी घरी ऐकलेला असावा, अर्ध्या मिनिटाचा असावा, आणि काकूंच्या भजनाच्या लगेच आधी असावा म्हणजे तो आवाज बंद झाल्यावर शांतता पडण्याऐवजी माणसांचे आवाज सुरू होतील. शेवटचं म्हणून अजिबात नको.

फोन आणि स्पीकरचं थोडं सांगते कारण माझं हसं झालंय यात. माझ्या वडिलांच्या वेळी आमच्या नौपाड्याच्या घरी मी फोनवरून फुकटच्या अॅपवर अभंग लावले होते, आणि दुसऱ्या अभंगानंतर एक बाई ओरडून गाद्यांवरचा डिस्काउंट सांगायला लागली. आत्याला हसू आलं, मग सगळ्यांनाच, ते निभावलं, पण दर वेळी निभावत नाही. गाणी डाउनलोड करून घे. दादाचा जुना, सिम नसलेला फोन वापर, नाहीतर एअरप्लेन मोड टाक आणि त्यातच ब्लूटूथ परत चालू कर, नाहीतर 'मोगरा'च्या मधे रिंगटोन वाजेल. ऑटोप्ले बंद, एक गाणं संपलं की फोनने आपल्या मनाने पुढचं लावता कामा नये. स्पीकर चार्ज करून आणि आधीच जोडून ठेव, कारण जोडताना आणि बॅटरी उतरताना तो मोठ्याने इंग्रजीत बोलतो.

आदल्या दिवशी हॉलची किल्ली मागून घे आणि तिन्ही गोष्टी त्याच क्रमाने वाजवून बघ. रिकामा, टाइल्सचा हॉल घुमतो, माणसं भरली की आवाज जरा बसतो, तेव्हा रिकाम्या हॉलला किंचित मोठा वाटेल एवढा ठेव. जुनी रेकॉर्डिंग बारीक आवाजातली असतात आणि नवी मोठ्या, त्यामुळे प्रत्येकाचा आवाज कुठे ठेवायचा ते चिठ्ठीवर लिहून दे. स्पीकर फोटोजवळ नको ठेवूस, सगळे तिकडेच बघत असतात आणि बाबाही तिथेच जवळ बसणार. मागच्या बाजूला खुर्चीवर ठेव. आणि हे सगळं सांभाळायला घरचं माणूस नको, शेजारचा एखादा कॉलेजचा मुलगा बघ, त्याला सांग की मी मान हलवली की बंद करायचं, मधेच कापलं तरी चालेल.

बाबांची खुर्ची दाराच्या बाजूला असू दे, पहिल्या रांगेत मधोमध नको. त्यांना उठावंसं वाटलं तर 30 जणांच्या गुडघ्यांना धडकत जावं लागू नये. गेले बाहेर तर जाऊ देत, कोणी मागे धावायचं नाही, फार तर दादा पाच मिनिटांनी दोन कप चहा घेऊन जाईल. आणि काकूंना भजनाच्या आधी चहा देऊ नकोस नुसता, कोमट पाणी ठेव जवळ, तासभर बोलून आणि रडून घसा बसलेला असतो, मग पहिला 'हेचि दान' वर चढतच नाही.